गच्चीचा जुना कोबा काढतोय: पुन्हा विटांचाच घालावा, की क्ले बॉल, परलाइट, फोम काँक्रीट?

तापीकाठ

मंडळी, जळगावात आमचं दुमजली घर आहे, १९९८ चा स्लॅब. गच्ची साधारण ९०० चौरस फूट, त्यावर वीट-तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक. पश्चिमेच्या कठड्यालगत कोबा फुगलाय, ठोकला की पोकळ वाजतो, खालच्या खोलीत ओल उतरते. त्यातच उकाडा. मे महिन्यात वरची खोली दुपारी चारला तापलेली असते त्याहून जास्त रात्री नऊला तापते. आई तिथे झोपते. म्हणून यंदा कोबा पूर्ण काढून नव्याने करायचं ठरवलंय, पावसाच्या आत.

ठेकेदाराने चार पर्याय सांगितले: पुन्हा विटांचा कोबा, फेस मिसळलेलं हलकं काँक्रीट म्हणजे फोम काँक्रीट, भट्टीत फुगवलेल्या मातीचे गोळे म्हणजे क्ले बॉल, आणि फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे म्हणजे परलाइट. घर तपासून गेलेले इंजिनिअर म्हणाले की स्लॅब पाच इंची आहे, ठीक आहे, पण आहे त्यापेक्षा वजन वाढवू नका. वजन आणि उष्णता, दोन्ही धरून कोणता थर घ्यावा? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगावं.

धाबेवाले_नाना

अहो, खानदेशात राहून हा प्रश्न पडावा? आपल्या जुन्या घरांवर मातीचं धाबं असायचं, फूटभर पांढरी माती. मे महिन्यातसुद्धा आत गारवा. जड वस्तू लवकर तापत नाही, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होतं. हलकं सामान टाकून गारवा कसा येणार? विटांचा कोबाच पुन्हा घाला, चारच्या जागी सहा इंच.

तुळई_आणि_स्लॅब

नाना, धाब्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण त्यातली अर्धी गोष्ट कोब्याला लागू होत नाही. फूटभर कोरड्या मातीतून दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि त्या घरांतली माणसं उन्हाळ्यात रात्री धाब्यावरच झोपायची. चार इंचांच्या कोब्याला तेवढा वेळ मिळत नाही. तो दुपारी तापतो आणि संध्याकाळी सात ते अकरा या वेळात ती उष्णता खालच्या खोलीत सोडतो. तापीकाठ यांना नऊ वाजता जी झळ लागते ती हीच. सहा इंच केला तर झळ आणखी उशिरा येईल, म्हणजे बरोबर झोपेच्या वेळेला, आणि स्लॅबवर दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन वाढेल. त्यांच्या इंजिनिअरने नेमकं तेच करू नका म्हटलंय.

हलक्या थराचं काम वेगळं असतं. तो उष्णता साठवत नाही, अडवतो, आणि अडवते ती त्याच्यातली हवा. म्हणून कुठलाही हलका माल घेतला तरी पहिला प्रश्न हाच की ती हवा शेवटपर्यंत कोरडी राहील का. फुगवलेली माती, परलाइट, फोम, तिघांचंही ओलं झाल्यावर निम्मं काम संपतं.

वजनाचा हिशेब तुमच्याच गच्चीवर मांडू. ९०० चौरस फुटांवर सरासरी चार इंच म्हणजे ३०० घनफूट, तीन ब्रास, साधारण साडेआठ घनमीटर. विटांचा कोबा घनमीटरला १९०० किलो धरला तर १६ टन, वर मोझॅकचा थर धरून २१ टनांच्या आसपास. आज तुमच्या डोक्यावर एवढं आहे. क्ले बॉल सिमेंटच्या पाण्यात घोळवून घातले तर घनमीटरला ६०० किलो, म्हणजे ५ टन. इथपर्यंतचा आकडा प्रत्येक विक्रेता सांगतो. पण बॉलवर थेट चालता येत नाही, त्यावर दीड इंचाचा जाळी घातलेला काँक्रीटचा थर लागतो. त्याचं वजन साडेसात टनांच्या पुढे, म्हणजे खालच्या बॉलपेक्षा जास्त. एकूण १३ टन. फोम काँक्रीट ८०० च्या घनतेचं घेतलं तर साडेचौदा, परलाइटचं काँक्रीट केलं तर साडेअकरा.

म्हणजे तिन्ही पर्यायांत आजच्यापेक्षा साडेसहा ते साडेनऊ टन कमी होतात. तिघांमधला आपसातला फरक मात्र फार नाही, कारण वरचा थर तिघांनाही लागतो. तेव्हा या तिघांतली निवड वजनावर करू नका.

शारजाकर

इकडे आखातात बऱ्याच गच्च्यांवर फोम काँक्रीट असतं, ५० अंशांत. पाइपने ओततात, एका दिवसात गच्ची पूर्ण. माझ्या मते यात चर्चेसारखं काही नाही, फोमच घ्या.

तुळई_आणि_स्लॅब

शारजाकर, तिकडे फोम काँक्रीट बहुतेक ठिकाणी उतार देण्यासाठी असतं. उष्णता अडवायला त्याच्या जोडीला पीयू फोमचा फवारा किंवा एक्सपीएस या थर्माकोलसारख्या घट्ट फोमच्या पाट्या असतात. नुसत्या चार इंच फोम काँक्रीटवर तिथलं छत थंड राहत नाही.

ही तुलना करायची तर आकडे असे येतात. स्लॅब आणि विटांचा कोबा मिळून दर चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर अंश फरकामागे, सव्वादोन वॅट उष्णता खाली जाते. चार इंच क्ले बॉल सिमेंटमध्ये घोळवून घातले की हा आकडा सव्वाच्या आसपास येतो. ८०० चं फोमही जवळपास तिथेच. परलाइट काँक्रीट पाऊण ते एकच्या मध्ये. केंद्राच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत, म्हणजे इको निवास संहिता २०१८ मध्ये, छताची कमाल मर्यादा १.२ आहे, म्हणजे क्ले बॉल आणि फोम अगदी काठावर बसतात. हे सगळे आकडे कोरड्या मालाचे, हे विसरू नका.

बाल्कनी_बाग

माझ्याकडे दोन्ही आहेत! परलाइट कुंड्यांच्या मातीत घालते, निचरा छान होतो, आणि क्ले बॉल ऑर्किडला वापरते. तापीकाठ, तुम्ही गच्चीवर बाग करणार असाल तर खाली क्ले बॉलचा थर, वर कापड आणि त्यावर माती घाला. घरही थंड राहील आणि भाजीही मिळेल. नर्सरीतून लिटरवर मिळतात.

तुळई_आणि_स्लॅब

ताई, कुंडीसाठी तुमचं बरोबर आहे, पण इथे बागेचा विषय नाही. फूटभर ओली माती चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जाते. लोक वावरतात अशा गच्चीसाठी आपल्या मानकात माणसांचा भार १५० किलो धरतात, त्यावरून अंदाज येईल. आणि नर्सरीच्या लिटरच्या भावाने साडेआठ घनमीटर घेतले तर गच्चीपेक्षा गोळेच महाग पडतील. बांधकामाचा माल घनमीटरवर, मोठ्या पोत्यांत येतो.

चिपळूणची_वहिनी

क्ले बॉलचा आमचा अनुभव लिहिते, कारण यात पैसे आणि मन दोन्ही गेलं. आमच्या ठेकेदाराने बॉल सुटेच पसरले, वर पातळ कोबा आणि टाइल. पहिल्या उन्हाळ्यात खरंच फरक पडला. पावसात एका टाइलच्या सांध्यातून पाणी गेलं असावं. गळती दिसली ती त्या टाइलखाली नाहीच, घराच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या वर. आणि पाऊस थांबल्यावरही ती थांबली नाही. दिवाळीचा फराळ करत होतो तरी छतातून थेंब पडत होते. ठेकेदार म्हणे पाइप फुटलाय. पाइप धडधाकट निघाला. पुढच्या उन्हाळ्यात उकाडाही पूर्वीसारखाच. हे असं का झालं, ते कोणी सांगेल का?

तुळई_आणि_स्लॅब

वहिनी, तुमच्या गच्चीत पाण्याची टाकी तयार झाली. गोळ्यांच्या मध्ये जी रिकामी जागा असते ती थराच्या जवळजवळ एक तृतीयांश भरते. तापीकाठ यांच्या गच्चीत हिशेब केला तर साडेआठ घनमीटरमध्ये सुमारे २८०० लिटर पाणी मावेल, वर एक थेंबही न दिसता. वरून एका बारीक भेगेतून शिरलेलं पाणी गोळ्यांतून मोकळं फिरतं आणि स्लॅबला जिथे सर्वात कच्ची जागा मिळेल तिथे खाली उतरतं. म्हणून गळतीची जागा आणि भेगेची जागा यांचा काही संबंध नसतो. पाऊस थांबून आठवडा झाला तरी थेंब चालू असेल तर थरात पाणी साठलंय असं समजावं. उकाडा परत आला तोही याच ओलीमुळे.

या बाबतीत फोम काँक्रीट उजवं आहे हे मान्य करायला हवं. त्याचे बुडबुडे बहुतांशी बंद असतात, गोळ्यांसारखी सलग मोकळी वाट नसते. पाणी शिरलं तरी लांब पळत नाही.

क्ले बॉल घ्यायचे तर पाणी दोन ठिकाणी अडवलं पाहिजे. पहिला वॉटरप्रूफिंगचा थर स्लॅबवर, गोळ्यांच्या खाली, कठड्यावर फूटभर चढवलेला. तो घातल्यावर पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खालून छत बघायचं. त्यात पास झाल्याशिवाय एक गोळाही वर चढवू नये. दुसरा थर सगळ्यात वर. आणि पाणी जायच्या तोंडाशी पाइप स्लॅबच्या पातळीला धरून बसवायचा, बाजूने बारीक भोकं ठेवून, म्हणजे गोळ्यांत चुकून आलेलं पाणी तिथून बाहेर निघेल. बहुतेक गच्च्यांत पाइपचं तोंड फक्त वरच्या फरशीच्या पातळीला असतं, त्यामुळे खालच्या पाण्याला वाटच उरत नाही.

गवंडी_भुसावळ

मी हे काम हाताने करतो म्हणून लिहितो. वडील कोबा घालायचे, मी दोन्ही घालतो.

बॉल घोळवणं हेच खरं काम आहे. घनमीटरला सिमेंटच्या तीन गोण्या लागतात. मिक्सरमध्ये आधी बॉल आणि थोडं पाणी, चार फेऱ्या झाल्या की सिमेंट, मग हात राखून उरलेलं पाणी. प्रत्येक गोळ्यावर राखाडी साय बसली पाहिजे आणि मूठ उघडली की गोळे एकमेकांना धरून राहिले पाहिजेत. घमेल्याच्या तळाला सिमेंटचं पाणी साचलं तर कालवलेला माल जास्त पातळ झाला. मग सिमेंट खाली बसतं, वरचे गोळे कोरडे राहतात आणि पायाखाली सुटतात. काँक्रीटसारखा ओला माल केला तर गोळे वर तरंगतात, तेही बघितलंय. वाळू घालायची नाही. मिस्त्रीला सवयीने वाळू घालावीशी वाटते, पण वाळूने पोकळी भरली की वजनही वाढतं आणि उष्णताही जाते.

सकाळी लवकर काम उरकायचं. जळगावच्या उन्हात अकरानंतर सिमेंटची साय गोळ्यावरच जळते, दुसऱ्या दिवशी हाताने चोळली की पावडर निघते. घातल्यावर वर फळ्या टाकूनच चालायचं, नुसत्या पायाने चाललं की उतार बिघडतो.

परलाइट मला आवडत नाही. पोतं फोडलं की गच्चीवरच्या वाऱ्यात अर्धं उडतं, तोंडाला फडकं बांधूनच काम करावं लागतं. मिक्सरमध्ये जास्त फिरवलं की पीठ होतं. आणि पाणी इतकं पितं की आत किती ओल राहिली ते कळत नाही.

तुळई_आणि_स्लॅब

गवंडीभाऊंनी परलाइटची खरी अडचण सांगितली. कागदावर तोच सर्वात चांगला दिसतो. एक भाग सिमेंटला सहा भाग परलाइट अशा मिश्रणात तो चौघांतला सर्वात जास्त उष्णता अडवणारा आणि सर्वात हलका. पण घातलेलं पाणी उडून जायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधी वर काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग घालून तोंड बंद केलं की ती ओल आतच कोंडते. ऊन लागलं की वाफ होऊन वरच्या कोटिंगला फुगे येतात. असे फुगे गच्चीभर विखुरलेले दिसले आणि कापल्यावर खाली ओल लागली, तर पाणी बहुधा वरून आलेलं नसतं, कोंडलेलं असतं. कोरडा उन्हाळा हातात असेल तर परलाइट जमेल, मे अखेरीस घाईत अजिबात नाही.

तापीकाठ

वाचून बरंच स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. आता तीन शंका. फोम काँक्रीटवाला म्हणतो की एवढ्याशा कामाला मशीन आणायचा खर्च वेगळा द्यावा लागेल. शिवाय माल घट्ट निघाला की पातळ, हे मला कळणार कसं? दुसरं, क्ले बॉलला उतार किती ठेवायचा? पाइप एकाच कोपऱ्यात आहे, तिथपर्यंत लांबात लांब अंतर ३० फूट. आणि जुना कोबा काढायलाच हवा का? शेजारी म्हणतात त्याच्यावरच घाल, हलकाच तर आहे.

तुळई_आणि_स्लॅब

आधी जुना कोबा. त्याच्यावर घातलं तर २१ टनांवर आणखी १३ टन. हलका माल हा काढलेल्या जड मालाच्या जागी आला तरच हलका. शिवाय तुमचा कोबा फुगलेला आणि ओला आहे, ती ओल खाली कोंडेल. काढताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका, लहान चिपिंग मशीन आणि छिन्नी. मलबा रोजच्या रोज खाली उतरवा. मजूर संध्याकाळी सगळा ढीग गच्चीच्या मध्यावर करून जातात, स्लॅबला सर्वात वाईट तेच.

उतार शंभराला एक धरा. ३० फुटांना साडेतीन इंच होतो. पाइपपाशी दोन इंच ठेवले तर लांबच्या टोकाला साडेपाच इंच येतात, सरासरी चारच्या आसपास. यात एक गोष्ट लक्षात घ्या: पाइपजवळ थर पातळ असल्यामुळे तिथे उष्णता जास्त उतरते, लांबच्या टोकाला कमी. आईंची खोली कोणत्या कोपऱ्याखाली आहे ते बघा. जमत असेल तर पाइपची जागा बदलून पातळ बाजू जिन्यावर किंवा बाथरूमवर न्या.

फोमची परीक्षा सोपी आहे. दहा लिटरची बादली रिकामी तोलून घ्या, पाइपमधून येणारा माल काठोकाठ भरा आणि पुन्हा तोला. ओल्या मालाची घनता ९०० ठरली असेल तर आतल्या मालाचं वजन नऊ किलो यायला हवं. अकरा-बारा आलं तर फेस पाइपमध्येच मोडलाय, तुम्ही साधं काँक्रीट विकत घेताय. फार हलकं आलं तर माल ओतल्यावर खाली बसतो, दुसऱ्या दिवशी कठड्यावरच्या खुणेपासून पातळी उतरलेली दिसते. बादली सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी तोला. फोम पातळ असतो, आपोआप समपातळी शोधतो, म्हणून साडेतीन इंचांचा उतार एका ओतण्यात राहत नाही. घट्ट करून, पट्ट्या लावून टप्प्याटप्प्याने घालावा लागतो. वाळताना आकसून भेगाही पडतात. ९०० फुटांसाठी मशीनचा खर्च धरला तर मी तुमच्या जागी क्ले बॉल घेईन.

गवंडी_भुसावळ

वरच्या थराबद्दल कोणी बोललं नाही. बॉलवरचं काँक्रीट कोब्यावरच्या मोझॅकपेक्षा जास्त तापतं, हात ठेवता येत नाही. खाली उष्णता जात नाही म्हणून ती वरच साठते. मग ते काँक्रीट फुगून कठड्याला धक्का मारतं. मी एका घरी सलग पत्रा घातल्यासारखा थर बघितला, पहिल्याच मे महिन्यात कठड्याच्या मुळाशी लांब आडवी भेग.

म्हणून आठ-आठ फुटांचे चौकोन पाडायचे, मध्ये सांधा ठेवायचा, तो नंतर लवचीक सीलंटने भरायचा. कठड्यापासून अर्धा इंच जागा सोडायची, तीही सीलंटने भरून मग वर कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर वाटा काढायचा. आणि बॉलवर काँक्रीट ओतायच्या आधी घट्ट मसाल्याचा पातळ हात मारून वरची भोकं बंद करायची, नाहीतर काँक्रीटचं दूध खाली गळतं आणि पोकळी भरते.

तुळई_आणि_स्लॅब

अगदी खरं. त्यावर पांढरं कोटिंग केलंत तर हा वरचा थर बराच कमी तापतो, भेगांचा धोकाही उतरतो. नुसता पांढरा रंग मारा म्हणणारे चुकत नाहीत, पण जळगावची धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, दरवर्षी धुवून काढावा लागतो. खालचा थर धुळीवर अवलंबून नसतो, म्हणून दोन्ही हवेत.

आणि सोलर हीटर, पाण्याची टाकी यांचे पाय बॉलच्या थरावर टेकवू नका. तो थर माणसाचा भार घेईल, टाकीच्या पायाखाली खचेल. तुळईवर भरीव काँक्रीटचे ठोकळे आधी बांधून घ्या, खालचं वॉटरप्रूफिंग त्यांच्याभोवती चढवा, मग बाकी भरा.

धाबेवाले_नाना

टाकीचं पटलं. पण मला एक सांगा, रात्री गच्चीवर झोपणाऱ्याला हा थर बरा की वाईट? आमच्या घरात अजून उन्हाळ्यात वरच अंथरुणं पडतात.

तुळई_आणि_स्लॅब

नाना, बरा. वरचं दीड इंच काँक्रीट सूर्य मावळल्यावर लवकर निवतं, कारण त्याच्याखाली साठलेली उष्णता नसते. कोबा मध्यरात्रीपर्यंत पाठीला लागतो.

गवंडी_भुसावळ

एका बाबतीत माझं तुळई साहेबांसारख्या इंजिनिअर लोकांशी जमत नाही. काही जण बॉल आदल्या रात्री भिजत घालायला सांगतात. मी फक्त पाणी शिंपडतो. भिजवलेला गोळा आत पाणी धरून बसतो आणि मग परलाइटसारखीच ओल कोंडते.

तुळई_आणि_स्लॅब

भाऊ, भिजवायला मीही सांगतो, कारण कोरडा गोळा सिमेंटचं पाणी ओढून घेतो आणि तुम्ही म्हणता ती पावडर निघते. पण मी रात्रभर नाही म्हणत, भिजवून, निथळून, वरून कोरडे दिसले की वापरायचे. आणि मग उघडं ठेवून सुकू द्यायचं, निदान दोन-तीन आठवडे. तुमच्या शिंपडण्याने ताकद पुरेशी येत असेल तर ओलीच्या बाबतीत तुमचीच पद्धत चांगली.

चिपळूणची_वहिनी

जळगावात दोन-तीन आठवडे उघडं ठेवता येईल, पण आमच्याकडे मेच्या अखेरीस वळीव आला तर ते बॉल पुन्हा भिजणार. कोकणासाठी फोमच बरा का?

तुळई_आणि_स्लॅब

वहिनी, कोकणात मी फोमकडे झुकेन, किंवा वर पत्र्याची शेड. तुमच्या गच्चीतलं साठलेलं पाणी मात्र आधी काढावं लागेल. पाइपच्या तोंडाशी फरशी फोडून स्लॅबपर्यंत खड्डा घ्या आणि पाणी येतं का बघा.

तापीकाठ

ठरलं, क्ले बॉल. माल गुजरातहून येतो, ट्रकचं भाडं मालाच्या किमतीत मोठा वाटा खातंय, पण शेजारच्या गल्लीत एकाची गच्ची निघालीय, दोघांचा एकत्र मागवतोय. पाइपची जागा बदलून जिन्याच्या बाजूला नेतोय. आता फक्त गोळ्यांचा आकार उरलाय. विक्रेता ८ ते १५ मिलिमीटर आणि १५ ते ३० असे दोन सांगतो, मोठे स्वस्त आहेत. पाइपपाशी दोनच इंच थर असताना मोठे चालतील का?

गवंडी_भुसावळ

दोन इंचात ३० चा गोळा म्हणजे दीड गोळा बसला, लेव्हल येणार नाही. ८ ते १५ घ्या. फार पैसे वाचवायचे असतील तर लांबच्या टोकाला खाली मोठे आणि वर लहान, पण मग दोन माल वेगळे कालवावे लागतील आणि मजुरी वाढेल.